पहिल्या माणसाला पगार किती द्यायचा? अंदाज सोडा, अकरा आकडे गोळा करा



मागच्या व्हिडिओत फळ्यावर आकडेमोड जरा भराभर झाली. कागद-पेन घेऊन बसता यावं म्हणून तेच गणित इथे सावकाश मांडतोय. प्रश्न साधा आहे. धंदा एकट्याने सांभाळून दमलात, आता पहिला माणूस ठेवायचाय. पगार किती सांगायचा?

माझा स्वतःचा अनुभव आधी सांगतो. मी पहिला माणूस ठेवला तेव्हा दोन मित्रांना फोन केला. एक म्हणाला, "दहा-बारा हजारात मिळतात की!" दुसरा म्हणाला, "पंचवीसच्या खाली कोणी उभंही राहत नाही." मी मधला आकडा पकडला. पोरगा हुशार होता, पण दोन महिन्यांत निघून गेला. जाताना म्हणाला, "सर, काम तुम्ही सांगितलं त्यापेक्षा वेगळंच निघालं, आणि या कामाला बाहेर जास्त मिळतात." तो खरं बोलत होता. दोन्ही मित्रही खरंच बोलत होते, फक्त ते दोन वेगवेगळ्या कामांबद्दल बोलत होते. मी मात्र दोन वेगळ्या गोष्टींची सरासरी काढून बसलो होतो.

मोठ्या कंपन्यांत एचआरवाले यासाठी सॅलरी सर्व्हे वापरतात. मर्सर, एऑनसारख्या संस्था शेकडो कंपन्यांकडून पगाराचे आकडे घेतात, एकसारखी कामं एकमेकांसमोर ठेवतात आणि कोणत्या कामाला बाजारात काय मिळतं ते सांगतात. हे अहवाल महाग असतात आणि त्यात मुख्यतः मोठ्या कंपन्याच असतात. तुमच्या-माझ्यासारख्याला ते परवडत नाहीत, आणि हाती आले तरी फारसे लागू पडत नाहीत. पण त्यांची पद्धत फुकट आहे. ती वापरून आपण आपल्या गावापुरता छोटा सर्व्हे स्वतः करू शकतो. तोच आज करूया.

उदाहरण : नाशिकची चिवडा-लाडूवाली ताई

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे पद्धत शिकवण्यासाठी घेतलेत. तुमच्या गावचे आकडे तुम्हालाच गोळा करायचेत.

समजा नाशिकमध्ये एक ताई चिवडा, शेव आणि लाडू बनवून विकते. महिन्याची विक्री २,३०,०००. कच्चा माल, पॅकिंग, कुरिअर आणि बनवणाऱ्या बायकांची रोजंदारी वजा जाता शंभर रुपयांमागे ३० उरतात, म्हणजे ६९,०००. त्यातून गाळ्याचं भाडं, वीज, टॅक्स सल्लागाराची फी असे १९,००० गेले की हातात ५०,००० राहतात. घर चालवायला तिला ४०,००० लागतात.

रात्री अकरापर्यंत बिलं आणि कुरिअरच्या चिठ्ठ्या करून ती थकते. म्हणून तिने ठरवलं, "एक अकाउंटंट ठेवते." पोर्टलवर 'अकाउंटंट' टाइप केलं तर सरासरी पगार तिशीच्या घरात दिसला. ती घाबरली आणि विषय बंद केला.

इथेच पहिली चूक झाली. तिला अकाउंटंट नकोच होता.

आधी काम लिहा, नाव नंतर

सर्व्हेच्या भाषेत याला जॉब मॅचिंग म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचं तर कामाची तुलना कामाशी करायची, पदाच्या नावाशी नाही.

कारण नावं फसवतात. एकाच रस्त्यावरच्या तीन दुकानांत तीन 'अकाउंटंट' बसलेले असतात. एक फक्त बिलं टॅलीत टाकतो. दुसरा बँकेशी मेळ घालतो, जीएसटी रिटर्नची तयारी करतो. तिसरा ताळेबंद बनवतो आणि मालकाला कर्ज घ्यावं की नाही ते सांगतो. आपल्या सरकारच्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात, म्हणजे एनसीओ २०१५ मध्येही हिशेबाची कामं अशीच वेगवेगळ्या पातळ्यांवर विभागली आहेत. नोंदी करणारा कारकून एका गटात, हिशेबाचा तंत्रज्ञ-सहायक दुसऱ्या, आणि व्यावसायिक लेखापाल तिसऱ्या. नाव सारखं असलं तरी पगारात दुपटीचा फरक पडू शकतो.

म्हणून ताईने एक आठवडा वही ठेवली. जे काम दुसऱ्याला देता येईल, ते किती वाजता सुरू केलं आणि किती वाजता संपलं, एवढंच लिहायचं. आठवड्याने बेरीज केली तर रोजचे साधारण पाच तास निघाले. बिल बनवणं, पार्सल तयार करून कुरिअरला देणं आणि स्टॉकची नोंद यात तीन तास. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डर आणि ग्राहकांचे फोन यात एक तास. दिवसभराची बिलं आणि खर्च टॅलीत टाकणं यात एक तास.

जीएसटी रिटर्न? ते टॅक्स सल्लागार करतोच आहे आणि पुढेही तोच करणार. म्हणजे हे काम 'बिलिंग आणि डिस्पॅच असिस्टंट'चं आहे. बाजारात त्याच्याच पगाराशी तुलना करायची.

काम लिहिताना आणखी तीन गोष्टी लिहून ठेवा, कारण पगाराची पातळी त्यांच्यावर ठरते. या माणसाचं काम कोण तपासतं? त्याची चूक झाली तर किती रुपयांचा फटका बसतो? त्याच्या हाताखाली कोणी आहे का? ताईच्या बाबतीत उत्तरं अशी आली : रोज संध्याकाळी ताई स्वतः तपासणार, चूक झाली तर एखादं पार्सल परत येणार, हाताखाली कोणी नाही. म्हणजे पहिल्या पायरीचं, साधं पण जबाबदारीचं काम.

आकडे आणायचे कुठून?

सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणातून, म्हणजे पीएलएफएसमधून, पगारदार लोकांची सरासरी कमाई कळते. पण नाशिकमधल्या बिलिंगवाल्याला किती मिळतात ते त्यातून कळत नाही. तो आकडा जमिनीवरूनच आणावा लागतो. जागा तीन.

पहिली जागा नोकरीच्या जाहिराती. नोकरी, इंडीड, अपना यांसारखी पोर्टल, स्थानिक पेपरच्या छोट्या जाहिराती, एमआयडीसीच्या गेटवर लावलेले कागद. इथे आकडे भरपूर मिळतात, पण ते 'देऊ म्हणालेले' पगार असतात.

दुसरी जागा म्हणजे खरंच पगार देणारे लोक. तुमचा पॅकिंगच्या पिशव्यांचा होलसेलर, शेजारचा औषधांचा स्टॉकिस्ट, कुरिअरचा फ्रँचायझीवाला. विचारताना "तुम्ही पगार किती देता?" असं थेट विचारू नका, माणूस आकसतो. "बिलिंगला माणूस ठेवायचाय, आपल्याकडे या कामाला काय चाललंय?" असं विचारा. आणि लगेच पुढचा प्रश्न : "तो किती तास असतो? काय काय करतो?"

तिसरी जागा तुमचा सीए किंवा टॅक्स सल्लागार. तो चाळीस दुकानांचे पगाराचे हिशेब बघतो. त्याने कोणाचं नाव सांगू नये आणि तुम्हीही विचारू नये. काम आणि आकडा एवढंच पुरे.

ताईने दहा दिवसांत १७ आकडे जमवले. प्रत्येकासमोर काम, ठिकाण, तास, पीएफ आहे का, आकडा कधीचा आणि जाहिरातीतला की प्रत्यक्ष दिलेला, हे लिहिलं.

गाळणी : नाव झाका, काम वाचा

आता वहीतली पदाची नावं बोटाने झाका आणि फक्त काम वाचा. आपल्या कामाशी साधारण ७० टक्के जुळत असेल तरच ठेवा. व्यवहारात हाच ठोकताळा वापरतात.

ताईचे सहा आकडे गळाले. २८,००० वाला 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह' जीएसटी आणि टीडीएस सांभाळत होता, काम वरच्या पायरीचं. दोन हेल्पर फक्त पॅकिंग करत होते, काम खालच्या पायरीचं. एक जाहिरात पुण्याची होती, आणि ताईकडे येणारा माणूस रोज पुण्याला जाणारा नाही. एका जाहिरातीत '१२,००० ते ३०,०००' लिहिलं होतं. वरचा आकडा खालच्याच्या दीडपटीहून जास्त असेल तर मी ती जाहिरात सोडून देतो, वरचा आकडा बहुतेक वेळा गळाला लावलेलं आमिष असतं. आणि सहावा आकडा पोर्टलवरची ती 'सरासरी', ज्यात कोणती गावं आणि कोणती कामं एकत्र केलीत ते कळत नाही.

उरले अकरा. कमी वाटतात? जुळणारे अकरा आकडे न जुळणाऱ्या शंभरांपेक्षा चांगले.

सगळे आकडे एका मापात आणा

हे पाऊल लोक हमखास विसरतात. किलो आणि पायली एका तराजूत मोजल्यासारखं होतं मग. मी माप असं धरतो : दिवसाचे ८ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २०८ तास. आणि पगार म्हणजे कपातीच्या आधीचा, मालकाचा पीएफ न धरता.

एका स्टॉकिस्टने सांगितलं, "आम्ही १८,००० देतो." ऐकायला बरं वाटतं. पण तिथे दहा तासांची ड्युटी आहे. महिन्याचे २६० तास, म्हणजे तासाला ६९ रुपये. २०८ तासांना बसवलं की १४,४००. वहीत १४,५०० लिहिले. जास्त वाटणारा पगार प्रत्यक्षात यादीत खालून तिसरा निघाला.

दुसरा आकडा सातपूरच्या एका कंपनीचा, वर्षाला २,३४,००० सीटीसी. महिन्याला १९,५०० झाले. पण सीटीसीत मालकाचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. बेसिक १०,००० असेल तर मालकाचा पीएफ १२ टक्क्यांनी १,२०० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ४८१. हे वजा केले की खरा पगार १७,८१९, म्हणजे साधारण १८,०००. त्यातूनही कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ १,२०० आणि पुरुष असेल तर व्यवसाय कर २०० गेला की हातात १६,४०० च्या आसपास पडतात. एकाच नोकरीचे तीन आकडे झाले. तुम्ही कोणता ऐकलात आणि कोणता लिहिलात, याची खात्री करा.

तिसरा आकडा दहा महिन्यांपूर्वीचा, १६,०००. जुना आकडा आजच्या भावात आणावा लागतो. तुमच्या भागात या कामाचे पगार वर्षाला ६ टक्के वाढतात असं धरलं, तर दहा महिन्यांचे ५ टक्के, म्हणजे ८०० वाढवून १६,८००. वहीत १७,०००. दोन वर्षांहून जुना आकडा मात्र वाढवत बसू नका, टाकून द्या.

पर्सेंटाइल : सीईटीवाला तोच

आता अकरा आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले :

१३,००० – १४,००० – १४,५०० – १५,५०० – १६,००० – १६,५०० – १७,००० – १८,००० – १९,००० – २०,५०० – २७,०००

सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो, घराघरात माहीत आहे. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हे. म्हणजे रांगेत साधारण ९० टक्के पोरं तुमच्या मागे आहेत. पगाराचंही तेच. रांगेत बरोबर मधला माणूस म्हणजे ५० वा पर्सेंटाइल, त्यालाच मिडियन म्हणतात. रांगेच्या पावभागावरचा २५ वा, पाऊणभागावरचा ७५ वा. आपण त्यांना पी-२५, पी-५०, पी-७५ म्हणू.

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये आकडे E2 ते E12 या चौकटींत टाका आणि ही सूत्रं लिहा :

```
=PERCENTILE.INC(E2:E12,0.25)
=MEDIAN(E2:E12)
=PERCENTILE.INC(E2:E12,0.75)
```

ताईचे उत्तर : पी-२५ म्हणजे १५,०००, पी-५० म्हणजे १६,५००, पी-७५ म्हणजे १८,५००. संगणक नसेल तरी अडत नाही. अकरांतला सहावा आकडा मिडियन. तिसऱ्या-चौथ्याच्या मधला पी-२५, आणि आठव्या-नवव्याच्या मधला पी-७५.

"सर, सरळ सरासरी का नाही काढायची?" काढून बघा. अकरा आकड्यांची सरासरी येते १७,३६४. आता तो २७,००० वाला बघा. एका जुन्या पेढीत चौदा वर्षं असलेला माणूस आहे तो, मालकाचा उजवा हात. त्याला काढलं की सरासरी एकदम १६,४०० वर येते. एका माणसाने सरासरी जवळपास हजाराने हलवली. मिडियन मात्र १६,५०० वरून १६,२५० वर आला, फक्त अडीचशेचा फरक. आपल्याकडे आकडे थोडेच असतात, म्हणून मिडियनच धरायचा.

तुमच्या आकड्यांवर भरवसा ठेवावा की नाही, हेही असंच तपासता येतं. एकेक आकडा झाकून मिडियन पुन्हा बघा. ताईच्या यादीत कोणताही एक काढला तरी मिडियन २५० हून जास्त हलत नाही. म्हणजे पाया पक्का. तुमचा मिडियन एका आकड्याने दोन हजारांनी उडी मारत असेल, तर समजा की आकडे कमी आहेत किंवा दोन वेगळी कामं एकाच यादीत मिसळली आहेत. पाचांहून कमी आकडे असतील तर पी-२५ आणि पी-७५ काढूच नका, त्याला अर्थ राहत नाही. आणि अकरा आकड्यांवर "मी ५३ वा पर्सेंटाइल देतो" असं म्हणणंही हास्यास्पद आहे. आपल्याला तीन खुणा कळल्या, एवढं पुरे.

रांगेत आपण कुठे उभं राहायचं?

बहुतेक जण इथे म्हणतात, "आपण छोटे आहोत, आपण पी-२५ देऊ." थांबा. समोरच्या माणसाच्या नजरेने बघा.

अकरांतल्या चार ठिकाणी पीएफ आहे. ताईकडे एकच माणूस असणार. पीएफचा कायदा साधारणपणे २० आणि ईएसआय १० कर्मचाऱ्यांपासून लागू होतो, त्यामुळे तिच्याकडे दोन्ही नाहीत. शेजारी गप्पा मारायला सहकारी नाहीत, पाटीवर मोठं नाव नाही. एवढं सगळं कमी असताना पगारही खालच्या पावभागातला दिलात, तर मिळेल तो माणूस दुसरीकडे जागा होईपर्यंतच थांबेल. पी-२५ चालतो कधी? अगदी नवखा माणूस घेऊन शिकवायची तुमची तयारी असेल आणि तेवढा वेळ असेल तेव्हा. ताईकडे वेळच नाही, म्हणून तर माणूस हवाय. पहिलाच माणूस, तोही एकटा आणि तयार हवा असेल, तर मिडियन किंवा त्याच्या थोडं वर जावं असं माझं मत आहे.

वर जायचं कारणही कामात असावं लागतं. "मुलगा गरजू आहे" किंवा "भाच्याचा मित्र आहे" म्हणून पी-७५ दिला, तर उद्या दुसरा माणूस येईल तेव्हा त्याला काय सांगणार?

आणखी एक खूण सगळ्यांच्या खाली असते : किमान वेतन. राज्य सरकार उद्योगाचा प्रकार, परिमंडळ आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल यानुसार दर ठरवतं, आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. कामगार विभागाच्या संकेतस्थळावर चालू दर बघा किंवा सल्लागाराकडून लिहून घ्या. गोळा केलेला एखादा आकडा त्याच्या खाली असेल तर तो बाजारभाव नव्हे, तो कायदा मोडणाऱ्याचा भाव आहे. यादीतून काढा.

परवडत नाही? दर नको, काम कापा

आता खरा प्रश्न. मिडियन १६,५००. दिवाळीला एक पगार जास्त धरला तर वर्षाचे तेरा पगार. बारा महिन्यांत वाटले की महिन्याचा खर्च १७,८७५. ताईच्या ५०,००० मधून हे गेले की उरतात ३२,१२५. घराला हवेत ४०,०००. तूट ७,८७५. शंभराला ३० सुटतात, म्हणजे ही तूट भरायला दर महिन्याला २६,२५० रुपयांची विक्री वाढली पाहिजे. तीही पहिल्या महिन्यापासून.

इथे मोह होतो, "मग १३,००० मध्ये कोणी बघूया." म्हणजे रांगेतल्या अगदी शेवटच्या जागेवर जाऊन उभं राहायचं. पण वहीकडे परत बघा. काम किती तासांचं होतं? पाच. मग आठ तासांचा माणूस कशाला?

मिडियनचा तासाचा दर काढा : १६,५०० भागिले २०८, म्हणजे ७९ रुपये. पाच तास आणि २६ दिवस म्हणजे १३० तास. पगार झाला साधारण १०,३००. आता जरा वर जाऊया. पी-७५ चा तासाचा दर ८९ रुपये, १३० तासांचे साधारण ११,५००. अर्धवेळ माणसाला येण्याजाण्याचा खर्च पूर्णवेळाइतकाच येतो, म्हणून तासाचा दर थोडा वरचा ठेवणं रास्तच आहे. तेरा पगारांनी महिन्याचा खर्च १२,४५८. ताईकडे उरतात ३७,५४२. तूट २,४५८, आणि ती भरायला हवी फक्त ८,२०० च्या आसपास वाढीव विक्री.

बघा काय झालं. पूर्ण वेळ मिडियनच्या दराने ठेवण्यापेक्षा अर्धा वेळ पी-७५ च्या दराने ठेवणं कितीतरी स्वस्त पडलं, आणि माणूसही चांगला मिळणार. मुलं शाळेत गेल्यावर दहा ते तीन मोकळी असलेली, आधी दुकानात बिलिंग केलेली एखादी बाई याच वेळेची वाट बघत असते. आठ तासांच्या बाजारात तिला कोणी विचारत नाही. ताईला रोज पाच तास मोकळे मिळाले. त्यात दोन नवीन किराणा दुकानं जोडली तरी ८,२०० ची विक्री निघते. तासाचा दर किमान वेतनाच्या वर आहे ना, एवढं मात्र तपासा.

दोन कामं एकाच माणसाकडे द्यायची असतील तर

अनेकजण विचारतात, "मला बिलिंगही हवं आणि इन्स्टाग्रामही सांभाळायचंय." दोन्ही पगारांची बेरीज करायची नाही, कारण माणूस एकच आणि तासही तेवढेच. वेळेच्या प्रमाणात वाटणी करा. ७० टक्के वेळ १६,५०० च्या कामात आणि ३० टक्के वेळ १९,५०० च्या कामात जाणार असेल, तर ११,५५० अधिक ५,८५०, म्हणजे १७,४००.

पण याला मर्यादा आहे. दुसरं काम खऱ्या कौशल्याचं असेल, तर ते कौशल्य ३० टक्के भावात मिळत नाही. जीएसटी रिटर्न भरू शकणारा माणूस "महिन्यात दोनच दिवस रिटर्न भरायचंय" म्हणून बिलिंगच्या पगारात येणार नाही. असं काम बाहेर सोपवा. ताईने तेच केलं.

चुकलं हे कसं ओळखायचं?

जाहिरात लावून दहा दिवस झाले आणि एकही जुळणारा माणूस आला नाही, तर पगार कमी आहे किंवा जाहिरातीत काम नीट लिहिलेलं नाही. आधी काम वाचा, मग पगार. उलट तुमच्या कामासाठी एमकॉम झालेले, पाच वर्षं अनुभवाचे लोक रांग लावत असतील, तर तुम्ही कामाला वरच्या पायरीचं नाव दिलंय. भेटायला येणारे आकडा ऐकून गप्प होत असतील तर विचारा, "तुम्हाला दुसरीकडे किती सांगितले?" तो तुमचा बारावा आकडा. वहीत लिहा.

आणि वही जपून ठेवा. सहा महिन्यांनी ती बाई म्हणेल, "ताई, पगाराचं काही बघा ना." तेव्हा ताईला विचारात पडायची गरज नाही. नवीन पाच-सहा आकडे आणायचे, जुने आजच्या भावात आणायचे, मिडियन पुन्हा काढायचा. काम वाढलं असेल, स्टॉकची ऑर्डर ती स्वतः देऊ लागली असेल, तर तुलना आता वरच्या पायरीशी करायची. वाढ का दिली किंवा का नाही, हे दोघींना एकाच कागदावर दिसतं.

या आठवड्यात एकच करा. वही काढा आणि दुसऱ्याला देता येईल त्या प्रत्येक कामाची सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहा. पगाराचा आकडा नंतर. आधी तास.